घड्याळ म्हणतं 294: कॅलरीच्या हिशेबाच्या नोंदी

5 एप्रिल 2025

प्रश्न साधा आहे. सहा आठवडे रोज 48 मिनिटं मैदानावर चालणं, जेवणाची प्रत्येक वाटी मोबाइलमध्ये नोंदवणं, आणि तरी वजन 57 किलोवरून हलत नाही. रोजच्या चालण्याच्या घड्याळात सरासरी 294 कॅलरी दिसतात. आहाराचं अ‍ॅप तो आकडा स्वतःहून उचलतं आणि दिवसाच्या खाण्यात तेवढी भर टाकतं.

अ‍ॅपने मांडलेला हिशेब आधी कागदावर उतरवला. वय 26, उंची 158 सेंटिमीटर, वजन 57 किलो. शरीर नुसतं जिवंत ठेवायला किती ऊर्जा लागते, यासाठी 1990 सालचं मिफ्लिन-सेंट जिओर सूत्र वापरतात. बायकांसाठी ते असं: वजनाची 10 पट, अधिक उंचीची 6.25 पट, वजा वयाची 5 पट, वजा 161. म्हणजे 570 + 987.5 − 130 − 161, उत्तर 1266.5. दिवसभर खुर्चीत बसून काम, म्हणून त्याला 1.2 ने गुणायचं. झाले 1520. वजन उतरवायचं म्हणून अ‍ॅपने 150 कापले, राहिले 1370. त्यावर घड्याळाचे 294. एकूण 1664, आणि रोजचं खाणं बरोब्बर तेवढंच.

या बेरजेत एकच आकडा असा आहे जो कुणी तपासलेला नाही, तो म्हणजे 294. दादाचं मत, "घड्याळ बरोबरच असणार, तूच भाकरीवरचं तूप मोजत नाहीस." तूप चमच्याने मोजलं जातं. घड्याळ तपासायचं ठरलं.

6 एप्रिल

सुरुवात अंतरापासून, कारण ते मोजायला सर्वांत सोपं. धावपट्टी 400 मीटरची आहे, पण 400 मीटर फक्त पहिल्या पट्ट्यात. सकाळी आतले पट्टे पळणाऱ्यांसाठी सोडायचा रिवाज असल्यामुळे आजवरचं सगळं चालणं चौथ्या पट्ट्यातून झालं. एक पट्टा 1.22 मीटर रुंद. एक पट्टा बाहेर सरकलं की वळणांची त्रिज्या तेवढी वाढते, म्हणून एका फेरीमागे 2 × 3.14 × 1.22, म्हणजे साधारण 7.67 मीटर जास्त. तीन पट्टे बाहेर म्हणजे फेरीला 23 मीटर. दहा फेऱ्यांत 4 किलोमीटर नव्हे, 4.23 किलोमीटर.

फरक आहे, पण तो उलट बाजूचा. चालणं कमी नाही, थोडं जास्तच झालं. म्हणजे गडबड अंतरात नाही.

यापुढच्या सगळ्या चाचण्या पहिल्या पट्ट्यात, पहाटे गर्दी नसताना. दहा फेऱ्या, 48 मिनिटं, म्हणजे एका फेरीला 4 मिनिटं 48 सेकंद. वेग टिकवायला 200 मीटरच्या खुणेवर 2 मिनिटं 24 सेकंद झालेत का, एवढं पाहिलं की पुरतं. रोजचं चालणं एकसारखं नसेल तर घड्याळाचे दोन दिवसांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवून काही कळणार नाही.

7 एप्रिल

हाताने हिशेब. सपाट जमिनीवर चालताना शरीर किती प्राणवायू वापरतं, याचं अमेरिकेतल्या क्रीडावैद्यकांच्या संघटनेचं सूत्र पाठ्यपुस्तकांत असतं. मिनिटाला जितके मीटर चाललो त्याच्या एक दशांश, अधिक 3.5. उत्तर मिळतं ते वजनाच्या दर किलोमागे, दर मिनिटाला किती मिलिलीटर प्राणवायू लागला, असं. त्यातले 3.5 हे नुसतं स्वस्थ असण्याचे. चालण्याचा खरा वाटा पहिल्या तुकड्यातला.

4000 मीटर भागिले 48, म्हणजे मिनिटाला 83.3 मीटर, ताशी 5 किलोमीटर. 8.33 + 3.5 = 11.83. याला 57 किलोंनी गुणलं की मिनिटाला सुमारे 674 मिलिलीटर. एक लिटर प्राणवायूमागे शरीर साधारण 5 कॅलरी खर्च करतं (इंधन चरबी असेल तर थोडी कमी, साखर-स्टार्च असेल तर थोडी जास्त). मिनिटाला 3.37 कॅलरी. 48 मिनिटांचे 162.

पण या 162 मध्ये स्वस्थ बसल्याचा खर्चही आलाय. तो वगळला तर उरतात 114. हा आकडा काढायला इतका उपद्व्याप करायचीही गरज नाही. 3.5 बाजूला काढले की वेग हिशेबातून गळूनच जातो आणि उरतं ते असं: सपाटीवर चालताना दर किलोमीटरला, दर किलो वजनामागे, अर्धी कॅलरी. 57 × 4 × 0.5 = 114. बिगारीतल्या पोराला येईल असं गणित.

अर्धी कॅलरी हा पुष्कळ माणसांचा सरासरी आकडा आहे. एखाद्याच्या चालीत तो दहाएक टक्के इकडे-तिकडे होईल. वेगाचीही मर्यादा आहे: ताशी 3 ते 6 किलोमीटरपर्यंत ते चालतं, पळायला लागलं की सूत्र बदलतं आणि 0.1 च्या जागी 0.2 येतो. पण दहा टक्क्यांनी 114 चे 294 होत नाहीत.

9 एप्रिल

घड्याळातली वैयक्तिक माहिती उघडली आणि चूक सापडल्यासारखं वाटलं. वजन 64 किलो लिहिलेलं. घड्याळ कॉलेजात असताना घेतलं, तेव्हाचं वजन. 57 केलं आणि दहा फेऱ्या मारल्या.

आकडा 303. कमी व्हायच्या ऐवजी वाढला.

10 एप्रिल

पुन्हा तेच चालणं, वजन 57. घड्याळात 301. काल हात वेगळा हलला असेल वगैरे शंका फिटली. तरी सात-आठ कॅलरीचा फरक हवेतलाही असू शकतो, म्हणून उद्या वजनात मोठा फेरफार करून पाहायचा. कुठलीही बंद पेटी तपासायची ही सोपी रीत: एकच गोष्ट बदलायची, आणि ती इतकी बदलायची की परिणाम लपूच शकणार नाही.

11 एप्रिल

घड्याळात वजन 97 किलो टाकलं. चालणारी तीच, फेऱ्या त्याच, वेळ तीच.

आकडा 246.

म्हणजे घड्याळाच्या मते 97 किलोची बाई 57 किलोच्या बाईपेक्षा तेच अंतर स्वस्तात चालते. अर्ध्या कॅलरीच्या हिशेबाने तिला 97 × 4 × 0.5, म्हणजे 194 लागायला हवेत, 114 च्या पावणेदोनपट. आईने हे ऐकून एवढंच विचारलं, "मग हमाल पोत्याचे पैसे कशाला घेतो?"

या उलट्या उत्तराने मात्र मोठी मदत केली. घड्याळ अंतर-वजनाचा हिशेब करतच नाही, हे त्यातून कळलं. कॅलरी काढायचं सूत्र कंपनी सांगत नाही, पण वजन वाढल्यावर खर्च घटवणारं एक प्रसिद्ध सूत्र आहे, तेही फक्त बायकांसाठी. दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी 2005 मध्ये छापलेलं, नाडीच्या ठोक्यांवरून ऊर्जा काढणारं. त्यात पुरुषांच्या समीकरणात वजन मिळवतात, बायकांच्या समीकरणात वजा करतात. व्यायाम करणाऱ्या माणसांवर केलेल्या मोजमापांतून ते आलंय. ठोके तेवढेच आणि वजन जास्त, अशी बाई त्या नमुन्यात बहुधा कमी तंदुरुस्त होती आणि त्या ठोक्यांना कमी प्राणवायू वापरत होती. त्यामुळे नमुन्यापुरतं ते बरोबर. प्रत्येक मनगटावर बसवलं की मात्र हमालाची गोष्ट होते.

12 एप्रिल

सूत्र स्प्रेडशीटमध्ये घातलं. B2 मध्ये सरासरी ठोके, C2 मध्ये मिनिटं, D2 मध्ये वजन:

```
=(-20.4022+0.4472*B2-0.1263*D2+0.074*26)/4.184*C2
```

शेवटचा 4.184 चा भागाकार किलोज्यूलच्या कॅलरी करायला, आणि 26 हे वय. घड्याळाने या दिवसांत सरासरी ठोके 117 दाखवले होते. तिन्ही वजनं एकेक करून टाकली:

वजन 64: सूत्र 296, घड्याळ 294.
वजन 57: सूत्र 306, घड्याळ 303.
वजन 97: सूत्र 248, घड्याळ 246.

घड्याळात नेमकं हेच सूत्र आहे असं छातीठोक सांगता येणार नाही, पण त्याच्या सख्ख्या भावंडातलं आहे. आता या समीकरणात बदलणारी गोष्ट एकच उरते, ठोके. एक ठोका वाढला की मिनिटाला सुमारे 0.107 कॅलरी, 48 मिनिटांत 5. दहा ठोके चुकले तर 50 कॅलरी हवेतून येतात.

13 एप्रिल

मग ते 117 खरे का?

थांबून मनगटाची नाडी मोजली: 15 सेकंदांत 26, म्हणजे मिनिटाला 104. पण हा पुरावा कच्चा. थांबल्याबरोबर ठोके उतरायला लागतात, आणि 15 सेकंदांत एक ठोका मोजायचा राहिला तर मिनिटाला 4 चा फरक पडतो. मैत्रिणीकडून छातीला बांधायचा पट्टा आणला. तो त्वचेवरून हृदयाचा विद्युत-इशारा पकडतो, त्यामुळे हात हलण्याशी त्याचा संबंध नाही. आतली बाजू पाण्याने ओली करून बांधायचा; कोरडा बांधला तर पहिली पाच मिनिटं काहीही आकडे दाखवतो.

पट्ट्याची सरासरी 103. घड्याळाची त्याच वेळची 117.

आता 117 कुठून आले? एका फेरीत पावलं मोजली, मिनिटाला 118. हाच तो घोळ. घड्याळाच्या पाठीमागचा हिरवा दिवा त्वचेखालच्या रक्ताची भरती-ओहोटी पाहतो. हात झुलला की रक्तही झुलतं आणि सैल घड्याळही हिसका खातं, प्रत्येक पावलागणिक एकदा. खरा ठोका क्षीण असला की घड्याळ पावलांचा ताल धरून बसतं आणि त्यालाच नाडी म्हणतं. ठोके आणि पावलं एकमेकांच्या जवळ असताना हे हमखास होतं, आणि भरभर चालताना ती जवळच असतात.

ओळखायची खूण: चालायला लागल्यावर मिनिटभरात ठोके एकदम उडी मारून पावलांच्या आकड्यावर जातात आणि तिथे सपाट बसतात. खरी नाडी चढते तेव्हा हळूहळू चढते आणि जरा वरखाली होत राहते. खात्री करायला घड्याळाचा हात कमरेवर घट्ट ठेवून दोन फेऱ्या मारल्या. आकडा 118 वरून 104 वर आला. हात सोडला, दीड मिनिटात परत 117.

15 एप्रिल

उपाय सोपा निघाला. मनगटाच्या हाडावर बसणारं घड्याळ हाडापासून दोन बोटं कोपराकडे सरकवलं आणि एक भोक आवळलं, त्वचेवर सरकणार नाही इतकं. चालून झाल्यावर पुन्हा सैल. आजची सरासरी: पट्टा 103, घड्याळ 103. कॅलरी 231. सूत्राने 234.

एका भोकाने 72 कॅलरी गेल्या. पण 162 अजून लांब आहे, 114 तर त्याहून.

17 एप्रिल

नाडी बरोबर असूनही 69 कॅलरी जास्त का, हे पाहायला खुर्चीची चाचणी. दुपारी तीनला, पंखा बंद, कपभर कडक चहा पिऊन, घड्याळात चालण्याचा व्यायाम सुरू करून अर्धा तास खुर्चीत बसायचं. काहीही करायचं नाही. ठोक्यांची सरासरी 86.

घड्याळाने अर्ध्या तासाचे 88 दिले.

स्वस्थ अवस्थेत या शरीराचा खर्च 1266.5 भागिले 1440, मिनिटाला 0.88. बसून राहायला थोडं जास्त धरलं तरी अर्ध्या तासाचे 30 ते 35. घड्याळ अडीच पट सांगतंय, आणि सांगणारच. ठोके म्हणजे इंधनाचा मीटर नव्हे. व्यायाम वाढवत नेला की ठोके आणि प्राणवायू बऱ्यापैकी एका रेषेत चढतात, म्हणून सूत्र जमतं. खालच्या टोकाला ही रेष सुटते. चहा, उकाडा, घाई, कमी झोप यांनी ठोके वाढतात. स्नायू मात्र जास्तीचं काही जाळत नाहीत.

18 एप्रिल

त्याची दुसरी बाजू. पुण्यातला एप्रिल हाताशी आहे तर वापरावा. तेच चालणं, फक्त पहाटेऐवजी संध्याकाळी पाचला, धावपट्टी तापलेली असताना. फेऱ्या दहा, मिनिटं 48, अंतर 4 किलोमीटर. सरासरी ठोके 113. घड्याळात 282.

पहाटे 231, संध्याकाळी 282. वाढलेले ठोके बरेचसे अंग थंड ठेवायला, त्वचेकडे जास्त रक्त पाठवण्यासाठी आहेत. त्यांना खरोखर काही ऊर्जा लागते, पण ती 51 कॅलरी नव्हे. दादाला हे दाखवल्यावर तो म्हणाला, "म्हणजे मी उन्हात नुसता उभा राहिलो तरी घड्याळ खूश." बरोबर बोलला.

या प्रकाराला एकटं हेच घड्याळ दोषी नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात 2017 मध्ये 60 जणांच्या मनगटांवर सात वेगवेगळी घड्याळं बांधून मोजमाप झालं. नाडी सातांपैकी सहा घड्याळांनी 5 टक्क्यांच्या आत सांगितली. कॅलरीत सर्वांत बरं घड्याळही सरासरी 27 टक्के चुकलं, सर्वांत वाईट 93 टक्के. नाडी मोजणं जमलंय, नाडीची कॅलरी करणं जमलेलं नाही.

20 एप्रिल

303 चे तुकडे आता पाडता येतात. 72 पावलांच्या तालाचे. 69 नाडीच्या रेषेचे. 48 स्वस्थ बसल्याचे. उरले 114, ते चालण्याचे.

यातले 48 घड्याळाच्या चुकीत मोडत नाहीत. घड्याळ त्या वेळातला एकूण खर्च सांगतं, आणि एकूण खर्चात स्वस्थ बसल्याचा खर्च येतोच. चूक जोडणीत आहे. अ‍ॅपच्या 1520 मध्ये दिवसाच्या सगळ्या 1440 मिनिटांचा खर्च आधीच धरलाय. चालण्याच्या 48 मिनिटांचाही. घड्याळाचा एकूण आकडा त्यावर टाकला की तीच मिनिटं दोनदा मोजली जातात. (मिफ्लिनच्या 0.88 ने हे 48 ऐवजी 42 येतात. 3.5 मिलिलीटरचा जुना मापदंड लहान चणीच्या बाईला थोडा मोठा पडतो. पाच-सहा कॅलरींसाठी भांडायचं नाही.) काही घड्याळांत सक्रिय आणि एकूण असे दोन आकडे वेगळे मिळतात, अशा वेळी अ‍ॅप कुठला उचलतं ते सेटिंगमध्ये बघावं लागतं. या घड्याळात एकच आकडा आहे.

मग मागच्या सहा आठवड्यांचा हिशेब. तेव्हा चौथ्या पट्ट्यातले 4.23 किलोमीटर, म्हणून चालण्याचे सुमारे 120. खरा खर्च 1520 + 120 = 1640. खाणं 1664. रोज 150 ची तूट कागदावर होती, प्रत्यक्षात 24 जास्तच पोटात गेल्या. वजन जागेवर राहिलं यात नवल नाही, उलट वजनकाट्याने पहिल्या दिवसापासून बरोबर उत्तर दिलं होतं.

294 आणि 120 मधला फरक 174. आईने स्वयंपाकघराच्या काट्यावर एका भाकरीचं ज्वारीचं पीठ मोजून दिलं: 50 ग्रॅम. पिठाच्या 100 ग्रॅमला साधारण 340 कॅलरी धरल्या तर भाकरीच्या 170. घड्याळ रोज एक भाकरी जास्तीची वाढत होतं.

21 एप्रिल

घड्याळ आणि अ‍ॅपची जोडणी बंद केली. चालणं आता हाताने नोंदवायचं, स्प्रेडशीटच्या एका ओळीतून. E2 मध्ये किलोमीटर, D2 मध्ये वजन:

```
=0.5*D2*E2
```

घड्याळ हातावर आहेच. फेरीची वेळ आणि घट्ट बांधलं तर नाडी, ही दोन कामं ते नीट करतं.

खाणं भाकरीने कमी केलं, दुसरं काही बदललं नाही. वजन रोज पहाटे, पाणी पिण्याआधी, आणि तुलना सात दिवसांच्या सरासरीची सात दिवसांच्या सरासरीशी. एका रात्रीच्या मिठाने अर्धा किलो पाणी धरलं जातं, त्यापुढे 150 ची तूट दिसतसुद्धा नाही. किलोभर चरबीमागे 7700 कॅलरी हा ढोबळ आकडा धरला तर रोजच्या 150 ने चार आठवड्यांत 4200, म्हणजे अर्ध्या किलोच्या आसपास.

19 मे

चार आठवडे झाले. पहिल्या आठवड्याची सरासरी 57.1, शेवटच्या आठवड्याची 56.7. अपेक्षा दोन सरासऱ्यांमधल्या तीन आठवड्यांची धरायची, म्हणजे 3150 कॅलरी, 0.41 किलो. उतरले 0.4. इतकं जुळणं थोडं नशिबाचंही आहे. काटा 100 ग्रॅमच्या पायरीने दाखवतो.

24 मे

मैदान दुरुस्तीसाठी बंद, म्हणून वेताळ टेकडी. अर्ध्या कॅलरीचं सूत्र सपाटीचं आहे, चढाला पुरत नाही. मूळ सूत्रात चढाचा वेगळा तुकडा आहे: उभ्या चढलेल्या दर मीटरला, दर किलोमागे 1.8 मिलिलीटर प्राणवायू. 57 किलोंनी 100 मीटर उभा चढ चढला तर 57 × 1.8 × 100, म्हणजे 10.26 लिटर, 51 कॅलरी. सपाटीवरचा पावणेदोन किलोमीटरहून थोडा जास्त रस्ता.

ओळ सुधारली. F2 मध्ये एकूण चढ, मीटरमध्ये:

```
=0.5*D2*E2+0.009*D2*F2
```

उतरणीला हे लागू होत नाही. उतरताना खर्च सपाटीपेक्षा कमी असतो, पण फार तीव्र उतारावर गुडघे आवरायला पुन्हा वाढतो. म्हणून उतरण तूर्त सपाटी धरूनच मोजली आहे. चढाची उंची घड्याळातून घेतलेली नाही. नकाशावरच्या समोच्च रेषा मोजून घेतली.